९९.८ टक्क्यांची उलटतपासणी

‘एक्सजीबूस्ट आणि स्मोट वापरून क्रेडिट कार्ड फ्रॉड डिटेक्शन मॉडेल विकसित केलं. अचूकता ९९.८ टक्के.’

मशीन लर्निंग इंजिनिअरच्या जागेसाठी जाहिरात निघाली, की आलेल्या अर्जांत ही ओळ थोड्याफार फरकाने हटकून सापडते. हिंजवडीतल्या किंवा खराडीतल्या एखाद्या कंपनीत रिक्रूटरसमोर ती येते, तेव्हा तिच्या हाताशी असते हायरिंग मॅनेजरने पाठवलेली जेडी, त्या जेडीतले आठ-दहा कीवर्ड आणि संध्याकाळपर्यंत शॉर्टलिस्ट द्यायची घाई. ती बी.कॉम.नंतर एमबीए झालेली असेल, मानसशास्त्राची पदवीधर असेल. गणिताची आणि तिची फारकत बहुधा बारावीनंतर झालेली. एक्सजीबूस्ट हा शब्द जेडीत आहे आणि अर्जातही आहे. जुळलं. ९९.८ हा आकडा तर शंभराला इतका खेटून आहे, की पुढे काही विचारावं असं तिला वाटतच नाही. अर्ज पुढे सरकतो.

खरं तर विचारण्यासारखं सगळं त्याच ओळीत असतं आणि त्यासाठी प्रोग्रामिंग यावं लागत नाही. शाळेत शिकलेली शेकडेवारी पुरते.

ही ओळ इतक्या अर्जांत का दिसते, याचं कारण साधं आहे. तिच्यामागचा डेटा बहुतेकांचा एकच असतो. ब्रुसेल्समधल्या यूएलबी विद्यापीठाच्या मशीन लर्निंग गटाने वर्ल्डलाइन या पेमेंट कंपनीबरोबर केलेल्या संशोधनातून एक फाइल सर्वांसाठी खुली झाली. युरोपातल्या कार्डधारकांनी सप्टेंबर २०१३ मध्ये दोन दिवसांत केलेले २,८४,८०७ व्यवहार तिच्यात आहेत. त्यांतले ४९२ व्यवहार फसवणुकीचे होते. कॅगल या संकेतस्थळावरून ही फाइल कोणालाही फुकट उतरवून घेता येते, त्यामुळे मशीन लर्निंग शिकणारे जगभरातले विद्यार्थी तिच्यावर हात साफ करतात. ग्राहकांची माहिती उघड होऊ नये म्हणून बहुतेक रकाने गणिती प्रक्रियेतून बदलून घेतलेले आहेत. त्यांना नावंही नाहीत. V1 ते V28 एवढेच क्रमांक आहेत. माणसाला वाचून समजावेत असे रकाने दोनच, वेळ आणि रक्कम. शेवटच्या रकान्यात व्यवहार खरा की फसवा, ते लिहिलेलं.

आता भागाकार करून पाहू. २,८४,८०७ पैकी ४९२ म्हणजे सुमारे ०.१७ टक्के, हजारात दोनही नाहीत. समजा, एखाद्याने कुठलंही मॉडेल न बनवता, डोळे मिटून प्रत्येक व्यवहारावर ‘खरा’ असा शिक्का मारला. त्याची उत्तरं किती वेळा बरोबर येतील? ९९.८३ टक्के वेळा. दशांशाचं एकच घर ठेवलं तर ९९.८. एकही चोर न पकडता अर्जातला तो आकडा हातात येतो.

अर्ज करणारा खोटं बोलतो आहे, असा याचा अर्थ नाही. त्याच्या मॉडेलने खरोखरच बरीच फसवणूक पकडलेली असू शकेल. पण ‘अचूकता’ या मापाने ते ना त्याला दाखवता येतं, ना रिक्रूटरला दिसतं. दोष मापाच्या निवडीत आहे.

मग हे मॉडेल नेमकं करतं काय? कार्ड घासलं गेलं किंवा ऑनलाइन रक्कम भरली गेली, की त्या व्यवहाराचे आकडे मॉडेलला मिळतात आणि ते शून्य ते एक यांच्यामधला एक अंक देतं. एकच्या जितकं जवळ, तितका संशय जास्त. हा अंक कसा द्यायचा, ते मॉडेल जुन्या व्यवहारांवरून शिकतं. त्यांतले खरे कोणते आणि फसवे कोणते, ते आधीच ठाऊक असतं. एक्सजीबूस्ट ही शिकण्याची एक पद्धत आहे. ती ‘रक्कम अमुकपेक्षा जास्त आहे का, वेळ तमुक आहे का’ अशा प्रश्नांची छोटी छोटी झाडं शेकड्याने उभारते आणि आधीच्या झाडांच्या चुका पुढचं झाड दुरुस्त करतं. पद्धतीचं एवढं वर्णन रिक्रूटरला पुरेसं आहे. महत्त्वाची गोष्ट याच्या पुढे येते. अंक किती आला म्हणजे व्यवहार अडवायचा, ही रेघ मॉडेल आखत नाही. ती माणसं आखतात.

ही रेघ सरकवली की काय होतं, ते याच फाइलवर पाहता येतं. रूढ पद्धत अशी की, पाचातला एक भाग परीक्षेसाठी बाजूला काढून ठेवायचा आणि उरलेल्या चार भागांवर मॉडेलला शिकवायचं. बाजूला काढलेल्या भागात ५६,९६२ व्यवहार येतात आणि फसव्यांचं प्रमाण तेच राखलं, तर त्यांत ९८ फसवे असतात. पुढचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. समजा, मॉडेलने १०० व्यवहारांवर बोट ठेवलं आणि त्यांतले ८० खरोखर फसवे निघाले. म्हणजे ९८ पैकी ८० चोर सापडले, १८ निसटले आणि २० सज्जनांना उगाच अडवलं गेलं. चुका एकूण ३८, अचूकता ९९.९३ टक्के. काहीच न करणारा ९९.८३ वर आणि पाचातले चार चोर पकडणारा ९९.९३ वर, दोघांमधलं सगळं अंतर दशांशानंतरच्या पहिल्या घरात मावलं.

आता रेघ थोडी खाली आणू. मॉडेल जास्त संशयी झालं. त्याने ४०० व्यवहारांवर बोट ठेवलं आणि त्यांत ८८ चोर सापडले. निसटले फक्त १०, पण ३१२ निरपराध ग्राहक अडकले. चुका ३२२, अचूकता ९९.४३ टक्के. म्हणजे जास्त चोर पकडणारं हे मॉडेल अचूकतेत डोळे मिटून बसणाऱ्याच्याही खाली गेलं.

यांतलं चांगलं कोणतं? या प्रश्नाचं उत्तर मॉडेलमध्ये नाही, बँकेच्या हिशोबात आहे. या फाइलमधल्या फसव्या व्यवहारांची सरासरी रक्कम सुमारे १२२ युरो आहे. रेघ खाली आणल्यावर आठ चोर जास्त सापडले, म्हणजे साधारण ९७६ युरो वाचले. त्यासाठी ३०० व्यवहार जास्त तपासावे लागले. एका तपासणीचा खर्च, म्हणजे कर्मचाऱ्याचा फोन, संदेश, ग्राहकाची चिडचिड असं सगळं धरून, सव्वातीन युरोंच्या आत असेल, तर रेघ खाली आणणं परवडतं. तपासणीला पाच युरो लागत असतील, तर तोच बदल तोट्यात जातो. मॉडेल तेच, डेटा तोच. निर्णय फिरतो तो तपासणीच्या खर्चावर. हा हिशोब ज्या उमेदवाराला मांडता येतो, त्याने धंदा कळून काम केलं आहे, असं रिक्रूटरने खुशाल समजावं.

मशीन लर्निंगवाले या दोन मापांना रिकॉल आणि प्रिसिजन म्हणतात. एकूण चोरांपैकी किती सापडले, ते रिकॉल. पकडलेल्यांपैकी खरे चोर किती, ते प्रिसिजन. पहिल्या उदाहरणात रिकॉल ८२ टक्के आणि प्रिसिजन ८० टक्के. दुसऱ्यात रिकॉल ९० टक्के, पण प्रिसिजन अवघं २२. प्रोफाइलमध्ये यांतलं एकच माप लिहिलेलं असेल, तर दुसरं विचारावं. एक वाढवायचं तर बहुधा दुसरं घटतं, आणि लपवलेला आकडा सहसा तोच असतो.

त्या पहिल्या ओळीतला ‘स्मोट’ अजून राहिला. फसवे व्यवहार इतके कमी असले, की मॉडेलला शिकायला उदाहरणं पुरत नाहीत. २००२ मध्ये मांडलेली स्मोट ही पद्धत अशा वेळी दोन खऱ्या फसव्या व्यवहारांच्या मधोमध कुठेतरी बसेल असा एक कृत्रिम फसवा व्यवहार तयार करते. पद्धत वैध आहे. ती कधी वापरली, यात मात्र मेख आहे. परीक्षेचा भाग बाजूला काढायच्या आधीच सगळ्या फाइलवर स्मोट चालवलं, तर परीक्षेतल्या व्यवहारांच्या जवळपास हुबेहूब प्रतिकृती अभ्यासाच्या भागात जाऊन बसतात. सरळ सांगायचं तर पेपर फुटतो. मग निकाल डोळे दिपवणारा लागतो: रिकॉल ९९, प्रिसिजन ९९, सगळंच नव्व्याण्णव. या फाइलवर नीट काम करणाऱ्यांनाही काही फसवे व्यवहार सापडतच नाहीत. त्यामुळे सगळी मापं एकदम शंभराच्या घरात गेलेली दिसली, की कौतुक करायच्या आधी एवढंच विचारावं: ‘परीक्षेचा डेटा वेगळा आधी काढला की स्मोट आधी केलं?’ प्रश्न विचारणाऱ्याला स्मोट येण्याची गरज नाही. ज्याला उत्तर माहीत आहे तो अर्ध्या मिनिटात देतो. ज्याला माहीत नाही तो स्मोटचं गणित समजावू लागतो.

अर्जातला दुसरा भारदस्त शब्द ‘लार्ज स्केल’. मोठा म्हणजे किती मोठा? २,८४,८०७ हा आकडा कागदावर दणदणीत दिसतो, पण ही फाइल साधारण दीडशे एमबीची आहे. साध्या लॅपटॉपवर निवांत उघडते. डिसेंबर २०२४ या एका महिन्यात यूपीआयवर १,६७३ कोटी व्यवहार झाले. सरासरी काढली तर सेकंदाला सहा हजारांहून अधिक. कॅगलच्या फाइलमध्ये दोन दिवसांचे जेवढे व्यवहार आहेत, तेवढे यूपीआयवर पाऊण मिनिटात होऊन जातात.

या दोन टोकांमध्ये काम नुसतं वाढत नाही, ते पूर्ण बदलतं. फाइलवर काम करणाऱ्याला मॉडेल शिकवायचं असतं आणि निकाल छापायचा असतो. वाहत्या व्यवहारांवर काम करणाऱ्यापुढे वेगळेच प्रश्न असतात. ग्राहक दुकानात क्यूआर कोडसमोर फोन धरून उभा असताना उत्तर काही मिलिसेकंदांत द्यावं लागतं. एखादा सर्व्हर बंद पडला तर व्यवहार अडवायचा की सोडायचा, ते आधी ठरवावं लागतं. शिवाय कोणता व्यवहार फसवा होता, ते त्याच दिवशी कळत नाही. ग्राहक तक्रार करतो, चौकशी होते, कधी कधी आठवडे जातात. तोवर मॉडेल बरोबर चाललं आहे की नाही, याचा पुरावाच हातात नसतो. आणि लोकांच्या सवयी बदलतात. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि दुकानातली खरेदी एकाएकी फोनवर आली. त्याआधीच्या वर्षांवर शिकलेल्या मॉडेलांच्या दृष्टीने असं वागणं नवखं आणि म्हणून संशयास्पद होतं. इंजिनिअर हा शब्द पदनामात आहे तो या कामांसाठी. गूगलच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. अशा यंत्रणेत मशीन लर्निंगचा प्रत्यक्ष कोड हा एक छोटासा भाग असतो आणि डेटा गोळा करणं, तपासणं, यंत्रं सांभाळणं, देखरेख ठेवणं यांचा पसारा कितीतरी मोठा असतो, हे त्यांनी त्यात दाखवलं. तरीही प्रोफाइलमध्ये त्या छोट्या भागाचाच डंका वाजतो, कारण कीवर्ड तिथे असतात.

म्हणून डेटाच्या आकाराबद्दल नुसत्या ओळी मोजू नयेत. किती ओळी, यापेक्षा जी गोष्ट शोधायची ती त्यांत किती वेळा होती, हे जास्त सांगून जातं. पावणेतीन लाखांवर ओळींच्या त्या फाइलमध्ये मॉडेलला फसवणूक शिकायला जेमतेम चारशे उदाहरणं मिळतात. उरलेली ९८ परीक्षेत गेली.

तिसरा भाग धंद्यावरच्या परिणामाचा, आणि तिथे सगळ्यात जास्त हातचलाखी होते. या बाबतीत सर्वांना पाहता येईल असं प्रसिद्ध प्रकरण नेटफ्लिक्सचं आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये, म्हणजे कंपनी डीव्हीडी टपालाने पाठवत होती त्या काळात, तिने एक स्पर्धा जाहीर केली. कोणता ग्राहक कोणत्या सिनेमाला किती तारे देईल, हे कंपनीच्या सिनेमॅच या प्रणालीपेक्षा दहा टक्क्यांनी चांगलं ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. स्पर्धकांना दिलेल्या डेटात १० कोटींहून अधिक मानांकनं होती. ४,८०,१८९ ग्राहक आणि १७,७७० सिनेमे. आकडा अवाढव्य, तरीही प्रत्येक ग्राहकापुढे प्रत्येक सिनेमा असा तक्ता मांडला, तर त्याची सव्वा टक्काही घरं भरत नव्हती. बाकीची रिकामी. ती रिकामी घरं भरणं हेच तर काम होतं.

तीन वर्षं जगभरची डोकी झुंजली. सप्टेंबर २००९ मध्ये बक्षीस दिलं गेलं ते तीन संघांनी एकत्र येऊन बनवलेल्या सात जणांच्या संघाला. चुकीचं माप ०.९५२५ वरून ०.८५६७ वर आलं होतं, सुधारणा १०.०६ टक्के. दुसऱ्या एका संघाचा निकाल अगदी तोच होता, पण त्यांची नोंद वीस मिनिटं उशिरा आली आणि बक्षीस हुकलं. या सात जणांपैकी कोणाच्याही प्रोफाइलमध्ये ‘मॉडेलमध्ये १० टक्के सुधारणा’ ही ओळ शंभर टक्के खरी ठरेल.

आणि ते विजेतं मॉडेल नेटफ्लिक्सने वापरलंच नाही. २०१२ मध्ये कंपनीच्या अभियंत्यांनी स्वतःच हे सांगितलं. वाढलेल्या अचूकतेतून जेवढा फायदा होता, त्यासाठी ते मॉडेल प्रत्यक्ष यंत्रणेत बसवण्याचा खटाटोप परवडणारा नव्हता. शिवाय मधल्या काळात कंपनी डीव्हीडीकडून इंटरनेटवरच्या प्रक्षेपणाकडे वळली होती. डीव्हीडी मागवणारा ग्राहक विचार करून निवडायचा. पडद्यासमोर बसलेला ग्राहक दोन मिनिटांत सिनेमा बदलतो. तारे ओळखण्याचा प्रश्नच मागे पडला. कंपनीने वापरात आणल्या त्या २००७ सालच्या पहिल्या टप्प्यातल्या, ८.४३ टक्के सुधारणा देणाऱ्या संघाच्या मिश्रणातल्या फक्त दोन पद्धती. त्याही जशाच्या तशा चालल्या नाहीत. स्पर्धेत १० कोटी मानांकनं होती, कंपनीकडे ५०० कोटी; शिवाय रोज नवी येत होती. त्यामुळे त्यांची बांधणी नव्याने करावी लागली.

इथे रिक्रूटरने स्वतःला विचारावं: बक्षीस मिळवणारा आणि जुन्या दोन पद्धती ५०० कोटी मानांकनांवर चालत्या करणारा, असे दोन अर्ज समोर आले तर ती कोणाला फोन करेल? स्पर्धा जिंकणारा थोर आहेच. पण जेडीत इंजिनिअर लिहिलं असेल, तर दुसऱ्या माणसाला आधी बोलवायला हवं, आणि त्याच्या प्रोफाइलवर झळकणारा एकही आकडा नसण्याची शक्यता दाट आहे.

मग परिणाम मोजायचा कसा, हेही नेटफ्लिक्सकडूनच कळतं. कार्लोस गोमेझ-उरिबे आणि नील हंट या तिथल्या अधिकाऱ्यांनी २०१५ मध्ये लिहिलं, की शिफारशी आणि वैयक्तिक निवड यांमुळे कंपनीचे वर्षाला १०० कोटी डॉलरहून अधिक वाचतात. हा आकडा तारे ओळखण्याच्या अचूकतेवरून काढलेला नाही. चांगल्या शिफारशी मिळाल्या, की महिन्याला वर्गणी बंद करणारे कमी होतात. एक ग्राहक टिकला, की त्याच्या जागी नवा शोधण्याचा खर्च वाचतो, अशी ती साखळी आहे. तिच्यातला प्रत्येक बदल तपासायला ग्राहकांचे दोन गट करतात, एकाला जुनं दाखवतात, दुसऱ्याला नवं, आणि काही काळाने कोणत्या गटातले जास्त लोक टिकले ते पाहतात. याला ए-बी चाचणी म्हणतात. प्रोफाइलमध्ये ‘महसूल १२ टक्क्यांनी वाढवला’ असं लिहिलेलं असेल, तर त्याच काळात दिवाळीही येऊन गेली नव्हती ना, हे फक्त अशा चाचणीतूनच कळतं.

मॉडेल सुधारलं म्हणून धंदा सुधारेलच असं नाही, ही गोष्ट बुकिंग डॉट कॉमच्या लोकांनीही २०१९ मध्ये आपल्या सुमारे दीडशे मॉडेलांच्या अनुभवावरून मांडली. त्यांना आढळलेली एक बाब तर गमतीची आहे. उत्तर यायला ३० टक्क्यांच्या आसपास जास्त वेळ लागला, की आरक्षण करणाऱ्यांच्या प्रमाणात अर्ध्या टक्क्याहून अधिक घट होत होती. म्हणजे हुशार पण मंद मॉडेल स्वतःच कमावलेलं गमावू शकतं.

हे सगळं रिक्रूटरच्या पहिल्या फोनमध्ये कसं उतरेल? एखादा चांगला संवाद साधारण असा होईल.

‘तुमच्या मॉडेलच्या आधी हे काम कोण करत होतं?’

‘मॅडम, आधी नियम होते. पन्नास हजारांच्या वर व्यवहार गेला की थांबव, असे.’

‘मग त्या नियमांनी किती पकडलं जायचं?’

‘शंभरातले साधारण पन्नास. आम्ही सत्तरवर नेलं, पण तपासणाऱ्यांकडे जाणारे व्यवहार वाढू द्यायचे नाहीत, अशी अट होती.’

‘आम्ही म्हणजे किती जण? तुमच्याकडे काय होतं?’

‘चौघं होतो. मॉडेल दुसऱ्या दोघांनी केलं. ते लाइव्ह नेणं आणि रोज बिघडलं का ते पाहणं, हे माझ्याकडे.’

चार-पाच वाक्यांत तुलना कशाशी, अट कोणती आणि स्वतःचा वाटा किती, हे बाहेर आलं. एक्सजीबूस्टचं नावही निघालं नाही. या उमेदवाराच्या रिझ्युमेत मात्र हे काहीच नसतं. तिथे तंत्रांची नावं ओळीने मांडलेली असतात, कारण तशी नावं नसली तर पोर्टलवरच्या शोधात अर्ज वरच येत नाही, अशी त्याची धास्ती असते. धास्ती अगदीच निराधार नाही. त्यावर उपाय एवढाच, की कीवर्ड एका वेगळ्या ओळीत खाली टाकावेत आणि कामाच्या वर्णनाची वाक्यं माणसाला वाचण्यासाठी मोकळी ठेवावीत.

ती पहिली ओळ मग अशी लिहिता येईल. (रिझ्युमे अर्थातच इंग्रजीत असतो, मजकूर हाच.)

‘क्रेडिट कार्डावरची फसवणूक ओळखण्याचा सराव प्रकल्प. सार्वजनिक डेटा: युरोपातले दोन दिवसांचे २,८४,८०७ व्यवहार, पैकी ४९२ फसवे. वेगळ्या ठेवलेल्या ९८ फसव्या व्यवहारांपैकी ८० ओळखले. इशारे एकूण १००, त्यांतले २० चुकीचे. प्रत्यक्ष वापरात नाही.’

शेवटचं वाक्य लिहायला नवा उमेदवार कचरतो. कचरू नये. सराव प्रकल्प हा सरावच असतो हे मुलाखत घेणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं, आणि ते आधीच लिहून टाकणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांवर त्याचा विश्वास बसतो. नोकरीत असलेल्यांची अडचण वेगळी असते. गोपनीयतेच्या करारामुळे कंपनीचे आकडे बाहेर सांगता येत नाहीत. पण तुलना बहुतेक वेळा सांगता येते: दर हजार व्यवहारांमागे तपासणीला जाणारे किती होते आणि किती झाले, उत्तर यायला किती मिलिसेकंद लागायचे आणि आता किती लागतात. रुपये लपवूनही काम दाखवता येतं. करारात काय बसतं, ते मात्र आधी वाचून घ्यावं.

आता थोडं रिक्रूटर आणि हायरिंग मॅनेजर यांच्याबद्दल. अर्ज कीवर्डांनी भरलेले येतात, कारण जेडीही तशीच असते. बारा तंत्रांची नावं, ‘लार्ज स्केल’, ‘हाय इम्पॅक्ट’, आणि मॉडेल कशासाठी हवं याबद्दल एक अक्षर नाही. पुढची जेडी पाठवण्याआधी रिक्रूटरने मॅनेजरकडून दोन वाक्यं मागून घ्यावीत: आमचं मॉडेल अमुक निर्णय घेतं, दिवसातून इतक्या वेळा; आणि ते चुकलं तर नुकसान कोणाचं होतं. हीच दोन वाक्यं जाहिरातीत सगळ्यात वर छापावीत. त्याला उत्तर म्हणून येणारे अर्ज वाचायला एक्सजीबूस्ट यावं लागणार नाही.